अर्ध्यावरचा पीएच: व्हिनेगरच्या वक्राची प्रकल्प वही

५ ऑगस्ट, सोमवार

प्रकल्पाचा विषय ठरला: सौम्य आम्लाचं तीव्र आम्लारीशी टायट्रेशन, त्याचा वक्र आणि त्यातून पीकेए, म्हणजे आम्ल आपला प्रोटॉन किती सहज सोडतं त्याचा आकडा. मला घरची चिंच घ्यायची होती. खानापुरात आमच्या परसात चिंचेचं झाड आहे, आंबट फुकट. मॅडम म्हणाल्या, "आधी एकाच दाताचं आम्ल घे, मग चिंचेकडे जा." एकाच दाताचं म्हणजे ज्याचा एकच प्रोटॉन निघतो ते. म्हणून खडेबाजारातून व्हिनेगरची बाटली आणली. लेबलवर कानडीत आणि इंग्रजीत ४ टक्के ॲसिटिक ॲसिड असं छापलंय.

आज फक्त सोडियम हायड्रॉक्साइड तयार केलं. बेळगावचा ऑगस्ट म्हणजे डबीचं झाकण उघडल्या उघडल्या गोळ्यांना घाम. वजन करून नेमकी तीव्रता मिळणार नाही हे उघड होतं, म्हणून अंदाजे ०.१ मोलरचं द्रावण केलं आणि ऑक्झॅलिक ॲसिडशी ताडून पाहिलं. ०.०५०० मोलर ऑक्झॅलिक ॲसिडच्या १०.० मिलीला १०.२ मिली लागले. ऑक्झॅलिकचे दोन प्रोटॉन धरून तीव्रता ०.०९८० मोलर आली. पाणी उकळून गार केलेलं वापरलं, नाहीतर त्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड हायड्रॉक्साइड खातो आणि शेवटची पीएचची उडी बोथट होते.

७ ऑगस्ट, बुधवार

पहिली फेरी. १० मिली व्हिनेगर १०० मिलीपर्यंत पातळ केलं. त्यातले पिपेटने २०.० मिली बीकरमध्ये घेतले. इलेक्ट्रोडचा बल्ब नीट बुडेना, म्हणून ३० मिली पाणी वर घातलं. पाणी घातल्याने आम्लाचे रेणू वाढत नाहीत की कमी होत नाहीत, त्यामुळे ब्यूरेटमधून किती लागेल ते बदलणार नाही. त्याच ३० मिलीने रीडिंगवर थोडासा परिणाम होतो, पण ते मला पंधरा दिवसांनी कळलं.

सकाळी लॅबमध्ये पोचायला उशीर झाला होता, बस रेल्वे गेटवर अडकली. घाईघाईत पीएच मीटर ७ च्या बफरला, म्हणजे पीएच ठरलेल्या द्रावणाला, लावला, ७.०० दिसलं आणि सुरू केलं.

सुरुवात ३.५५. मग एक-एक मिली घालत गेले. सुरुवातीला पीएच जरा झपाट्याने वर जातो, मग वक्र आडवा पडतो. पाच, सहा, सात मिली, काटा नुसता रांगतोय. पार्टनर कंटाळून म्हणाली, "अगं, काय करूलालीस, दोन-दोन घाल की." १३ मिलीला ६.२२ होतं. १४ वा मिली घातला आणि थेट १०.४७.

म्हणजे उडी मिळाली, पण ती १३ आणि १४ च्या मध्ये कुठे आहे ते आमच्याकडे नाही. एक मिली सोडून दिला आणि तोच नेमका कामाचा होता. आलेखावर त्या दोन बिंदूंमधून मी सुबक वळणाची रेघ काढली, ती माझ्या हाताने काढलेली आहे, आम्लाने नाही.

८ ऑगस्ट, गुरुवार

आज लॅब नाही. घरी बसून कालच्या आलेखावर पार्टनरशी फोनवर भांडण. तिचं म्हणणं: उडीच्या मधोमध पीएच साधारण साडेआठ येतो, त्याचं अर्धं सव्वाचार, म्हणजे पीकेए ४.२५. तिने वहीत लिहूनही टाकलं होतं.

अर्धं करायचं ते पीएचचं नाही, आकारमानाचं. पीएच ही लॉगरिथमची मोजपट्टी आहे, तिचं अर्धं केलं तर त्याला काही अर्थ उरत नाही. ब्यूरेटचे मिली मात्र सरळ रेणू मोजतात. समजा सगळं आम्ल संपायला १३.५ मिली लागले. तर ६.७५ मिलीला बरोबर अर्धं आम्ल ॲसिटेट झालेलं असतं आणि अर्धं तसंच असतं. मग खालच्या सूत्रात कंसातला ॲसिटेट A- आणि उरलेलं आम्ल HA यांचा भागाकार १ होतो, १ चा लॉग शून्य, आणि मीटर जे दाखवतो तोच पीकेए.

```
pH = pKa + log([A-]/[HA])
```

तिला हे पटायला अर्धा तास लागला. शेवटी मी म्हटलं, तुझ्या घरी दहा भाकरी आहेत, पाच खाल्ल्या तर अर्ध्या संपल्या, की भाकरी गरम किती होत्या त्याचं अर्धं केल्यावर? ती हसली आणि वहीतलं ४.२५ खोडलं. शाईने लिहिलं होतं, म्हणून खोडाखोड दिसते.

अर्ध्यावरच का बघायचं हेही यातून कळतं. आम्ल आणि ॲसिटेट दोन्ही भरपूर असतात तेव्हा वक्र सगळ्यात आडवा असतो. गणित करून पाहिलं: ६.७५ च्या आसपास एक मिली चुकला तर पीएच फक्त ०.१३ ने हलतो. समजा सममूल्य बिंदूच, म्हणजे सगळं आम्ल संपण्याची जागाच, मी ०.२ मिलीने चुकवला, तर अर्धं ०.१ ने चुकेल आणि पीकेए ०.०१३ ने. आमचा मीटरच दोन दशांश दाखवतो, म्हणजे ही चूक शेवटच्या आकड्यात जेमतेम दिसेल.

त्याहून मजेची गोष्ट: हायड्रॉक्साइडची तीव्रता या हिशेबात कुठेच नाही. ऑक्झॅलिकचं ताडणं पाच टक्के चुकलं असतं तरी अर्धं ते अर्धंच. सोमवारी मी एवढं जिवावर उदार होऊन ताडलं ते पीकेएसाठी लागतच नव्हतं, व्हिनेगरचे टक्के काढायला लागतं.

१२ ऑगस्ट, सोमवार

दुसरी फेरी. यावेळी १२ मिलीपर्यंत अर्धा-अर्धा मिली, पुढे १३ पर्यंत पाव-पाव, आणि १३ ते १४ मध्ये ०.१ ने. लॅबमधले मामा शेजारी उभे राहून "निधान, निधान" म्हणत होते. त्या भागात थेंब घातल्यावर मीटर लगेच थांबत नाही, मिनिटभर सरकत राहतो. घाई केली तर प्रत्येक रीडिंग आधीच्या थेंबाचं असतं.

उडी १३.५० वर स्पष्ट मिळाली. व्हिनेगरचा हिशेब: १३.५० मिली गुणिले ०.०९८० म्हणजे १.३२३ मिलिमोल, ते २० मिलीत. दहापट करून आणि ६०.०५ या रेणुभाराने गुणून लिटरला ३९.७ ग्रॅम, म्हणजे ३.९७ टक्के. लेबलवर ४. खूश.

मग अर्ध्यावर पाहिलं. ६.५ मिलीला ४.९१, ७ मिलीला ४.९७. मध्ये ६.७५ ला ४.९४. पुस्तकात २५ अंशाला ४.७६. पहिल्या फेरीचे बिंदू काढले, तिथेही अर्ध्यावर ४.९४ च. दोनदा एकच उत्तर आलं की आपल्याला ते खरं वाटायला लागतं. पार्टनर म्हणाली, व्हिनेगरमध्ये दुसरं काहीतरी मिसळलं असेल. मला तेही पटलं, बाटली विकणारा दुकानदार आठवला.

१४ ऑगस्ट, बुधवार

मॅडमनी आलेख बघितला आणि एकच विचारलं: "सुरुवातीचा पीएच किती यायला हवा होता?" कोणी काढलाच नव्हता. बीकरमध्ये १.३२३ मिलिमोल आम्ल ५० मिलीत, म्हणजे ०.०२६५ मोलर. त्याचा पीएच गणिताने ३.१७ येतो. आमचा ३.५५.

म्हणजे चूक अर्ध्यावर नाही, सगळीकडे आहे, आणि ७ पासून जितकं लांब जाऊ तितकी वाढते. ३.१७ जवळ चूक ०.३८, ४.७ जवळ ०.२३.

मामांनी ४ च्या बफरची कॅप्सूल काढून दिली. ताजं बफर केलं, इलेक्ट्रोड धुऊन टिपकागदाने नुसता टिपला, पुसला नाही, आणि बुडवला. मीटरवर ४.३०.

उत्तर तिथेच होतं. इलेक्ट्रोड जुना झाला की त्याचा उतार कमी होतो. आदर्श इलेक्ट्रोड २५ अंशाला एका पीएचमागे ५९.१६ मिलिव्होल्ट देतो, आमचा त्याच्या नव्वद टक्केच देतोय. ७ आणि ४ मध्ये तीन एककं हवी, आमच्याकडे २.७० च दिसतात. मी ७ ला लावला म्हणून ७ बरोबर होतं. एका खुंटीला दोरी बांधली म्हणजे दोरी सरळ आहे असं नाही, दुसरी खुंटी लागते.

या एका आकड्यावरून जुनं रीडिंग परत सुधारता येतं का बघितलं. ७ पासून ४.९४ चं अंतर २.०६, त्याला ०.९० ने भागलं तर २.२९, आणि ७ मधून वजा केलं तर ४.७१. कागदावर दुरुस्त झालं, पण अशी दुरुस्ती मॅडमना चालणार नाही. मीटर नीट लावून फेरी परत करायची.

सगळ्यात नवल याचं वाटलं की त्याच खराब मीटरने व्हिनेगरचे टक्के बरोबर काढले होते. कारण उडी कुठे आहे ते शोधायला पीएचची खरी किंमत लागत नाही. सगळी पट्टी दाबली गेली तरी सर्वांत मोठा फरक १३.५० लाच राहतो. सममूल्य बिंदू आडव्या अक्षावर असतो आणि तिथे ब्यूरेटची चूक लागते. पीकेए उभ्या अक्षावर वाचायचा असतो, तिथे मीटरची चूक जशीच्या तशी येते. व्हिनेगर आणि दुकानदार दोघेही निर्दोष.

२० ऑगस्ट, मंगळवार

इलेक्ट्रोड चार दिवस पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात ठेवला होता. आज आधी ७, मग ४, दोन्ही बफरला लावला, आणि ९.२ चं बफर फक्त तपासायला. ९.२ ला ९.१७ दिसलं, चालेल. खोलीत २७ अंश.

तिसरी फेरी, सुरुवात ३.१८. उडीजवळचे आकडे वहीत असे:

| ब्यूरेट, मिली | पीएच | ०.१ मिलीत वाढ |
|---|---|---|
| १३.२ | ६.३५ | |
| १३.३ | ६.५३ | ०.१८ |
| १३.४ | ६.८४ | ०.३१ |
| १३.५ | ८.४१ | १.५७ |
| १३.६ | १०.०६ | १.६५ |
| १३.७ | १०.४१ | ०.३५ |

शेवटच्या रकान्यात वाढ चढते आणि उतरते. दोन मोठ्या वाढी जवळजवळ सारख्या आहेत, म्हणजे शिखर त्या दोघींच्या मधल्या बिंदूजवळ, १३.५० ला. डोळ्याने वक्राचं मधलं ठिकाण हेरण्यापेक्षा हा रकाना भरणं सोपं, आणि भांडण होत नाही.

आणखी एक दिसलं: पीएच ७ हा १३.४ आणि १३.५ च्या मध्येच येऊन गेला. आम्हाला बारावीपासून डोक्यात बसलंय की ७ झाला की संपलं. इथे संपतं ते साडेआठच्या आसपास, कारण उरलेलं ॲसिटेट पाण्यातून थोडा प्रोटॉन ओढतं आणि द्रावण आम्लारी होतं. म्हणून फेनॉल्फ्थॅलिन चालतो, तो ८.३ ते १० मध्ये रंग बदलतो. मिथिल ऑरेंज ३.१ ते ४.४ मध्येच बदलतो, म्हणजे आमच्या वक्रावर साडेचार मिलीपर्यंतच त्याचा सगळा रंग बदलून झालेला असतो. खरं सांगायचं तर ७ ला थांबले असते तरी टक्क्यांत शंभरात एकाइतकीही चूक झाली नसती, कारण तिथे वक्र उभाच आहे. कल्पना चुकीची, उत्तर ठीक.

अर्ध्यावर: ६.५ ला ४.६८, ७ ला ४.७४, म्हणजे ६.७५ ला ४.७१.

पुस्तकातल्या ४.७६ पेक्षा ०.०५ कमी. मीटरला परत शंका घेतली, ४ चं बफर पुन्हा बुडवलं. ४.०१. मीटर बरोबर आहे.

२२ ऑगस्ट, गुरुवार

उरलेल्या ०.०५ चं मॅडमनी सांगितलं. पुस्तकातला पीकेए अतिशय पातळ द्रावणाला लागू असतो, जिथे आयन एकमेकांच्या वाटेला जात नाहीत. आमच्या बीकरमध्ये अर्ध्यावर सोडियम आणि ॲसिटेट दोन्ही साधारण ०.०१२ मोलर आहेत. प्रत्येक ॲसिटेटभोवती सोडियमची गर्दी, त्यामुळे ॲसिटेट जितकं आहे तितकं वागत नाही, थोडं कमी वागतं. मीटर प्रोटॉन मोजतो तोही संख्येने नाही, वागणुकीने. डिबाय-ह्युकेलच्या सूत्राने ही घट लॉगमध्ये सुमारे ०.०५ येते, आणि आमचंही तेवढंच कमी पडतंय. म्हणजे ४.७१ बरोबर वाचलंय, त्यात ०.०५ मिळवून ४.७६.

७ तारखेचे ३० मिली पाणी आठवलं. ते घातलं नसतं तर द्रावण दाट राहिलं असतं आणि घट ०.०७ झाली असती. अहवालात लिहायचं ठरवलं की आम्ही किती पाणी घातलं, नाहीतर पुढच्या वर्षीच्या मुलींना ४.६९ येईल आणि त्या दुकानदाराला शिव्या देतील.

२८ ऑगस्ट, बुधवार

चिंच. घरून कोळ आणला, फडक्यातून दोनदा गाळला, तरी गढूळ. गर इलेक्ट्रोडच्या बल्बवर चिकटतो आणि मीटर हळू होतो, दर चार-पाच रीडिंगला धुवावा लागला.

वक्रात उडी एकच मिळाली. पार्टनरने लगेच अर्ध्यावर रेघ मारली आणि पीएच ३.७ वाचला. मग मला मॅडमचं दाताचं बोलणं कळलं. चिंचेत मुख्य टार्टारिक ॲसिड, त्याला दोन प्रोटॉन, पीकेए साधारण ३.० आणि ४.४. दोघांत अंतर इतकं कमी आहे की पहिला पुरता निघण्याआधीच दुसरा निघायला लागतो, म्हणून पहिली उडी दिसतच नाही. शेवटी दिसते ती दोन्ही प्रोटॉन संपल्याची उडी. तिचं अर्धं म्हणजे पहिला प्रोटॉन संपल्याची जागा, आणि तिथला पीएच दोन्ही पीकेएंच्या मधोमध, ३.७. हा आकडा कुठल्याच पीकेएचा नाही. कोळात इतर आम्लंही असणारच, तेव्हा ३.७ जुळला यावरही मी फार विश्वास ठेवत नाही. चिंचेचं पान अहवालात ठेवायचं, पण पीकेएच्या रकान्यात रेघ.

उरलेल्या कोळाचं आईने सार केलं, अर्थात लॅबमध्ये न नेलेल्या कोळाचं.

२ सप्टेंबर, सोमवार

शेवटची तपासणी, ब्यूरेटचा आकडा न वाचता. मॅडमनी सुचवलं आणि मला आधी थट्टा वाटली.

त्याच पातळ व्हिनेगरचे २०.० मिली दोन बीकरमध्ये, दोन्हींत ३० मिली पाणी. पहिल्यात फेनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब टाकून हायड्रॉक्साइड घातलं, फिकट गुलाबी टिकेपर्यंत. ब्यूरेटकडे पाठ करून उभी राहिले, पार्टनर तोटी सांभाळत होती. मग पहिला बीकर दुसऱ्यात ओतला. गुलाबी क्षणात गेला. आता मिश्रणात जितकं ॲसिटेट तितकंच आम्ल, कारण दोन्ही बीकरमध्ये सुरुवातीला सारखंच आम्ल होतं आणि एकातलं सगळं ॲसिटेट झालंय. अर्ध-सममूल्य बिंदू एका ओतण्यात.

एक काळजी घ्यावी लागली: दोन्ही वेळा पिपेट तोच, आणि ओतल्यावर पहिला बीकर त्याच मिश्रणाने खळबळून परत ओतायचा, नाहीतर तळाशी राहिलेलं ॲसिटेट मागे राहतं.

मीटर ७ आणि ४ ला लावलेला. रीडिंग ४.७२. दुसऱ्यांदा केलं, ४.७१.

पार्टनरने वहीत दोन्ही लिहिले. या वेळी पेन्सिलीने.